भाडेकराराचा खर्च: मालकाने किती द्यायचा, भाडेकरूने किती?

घर पसंत पडतं, भाडं ठरतं, डिपॉझिटवर थोडी घासाघीस होते आणि मग एजंट जाता जाता म्हणतो, "आणि ॲग्रीमेंटचे पाच हजार." ते कशाचे, कोणी द्यायचे, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. टोकन दिलेलं असतं, सामान बांधायला सुरुवात झालेली असते. मग चावी मिळायच्या दिवशी मालक म्हणतो की हा खर्च भाडेकरूचाच असतो, आणि भाडेकरू म्हणतो की माझ्या मित्राकडे अर्धा-अर्धा झाला होता. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण हा खर्च कोणी किती द्यायचा याचा एकच एक नियम नाही. तो आधी ठरवावा लागतो. कसा ठरवायचा ते पुढे दिलं आहे. हे सगळं महाराष्ट्रातल्या राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स कराराबद्दल आहे. दुसऱ्या राज्यात दरही वेगळे आणि पद्धतही वेगळी.

आधी कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून आलेली आहे. आपल्या राज्यात कलम ५५ मुळे ती चालत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी याच कलमाने घरमालकावर टाकली आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि पुढे अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

भाडेकरू मंडळी हे कलम दाखवून म्हणतात, "बघा, खर्च मालकाचा." तसं त्यात लिहिलेलं नाही. जबाबदारी मालकाची आहे, पैसे कोणी द्यायचे यावर कलम ५५ गप्प आहे.

मालक मंडळींकडेही एक कलम असतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३० मध्ये कोणत्या दस्ताचं मुद्रांक शुल्क कोणी भरायचं ते दिलं आहे, आणि लीजच्या बाबतीत ते लीज घेणाऱ्याने भरायचं असं म्हटलं आहे. पण त्याची सुरुवातच 'याविरुद्ध करार नसेल तर' अशी आहे. शिवाय ते फक्त मुद्रांक शुल्कापुरतं आहे. नोंदणी फी किंवा एजंटचे पैसे त्यात येत नाहीत. आणि लिव्ह अँड लायसन्स म्हणजे लीज नव्हे, लीजमध्ये जागेत हक्क मिळतो आणि लायसन्समध्ये फक्त राहण्याची परवानगी, हेही मालकाला ठाऊक असतंच, कारण त्याने लीज न करता लायसन्स करायचं ठरवलं ते त्याच फरकासाठी.

थोडक्यात, आपसात जे ठरेल ते चालतं. म्हणून ते टोकनच्या आधी ठरवा.

पहिली पायरी: सरकारी रक्कम स्वतः काढा

"पाच हजार" या आकड्यात तीन वेगळ्या जातीचे पैसे मिसळलेले असतात: सरकारकडे जाणारे, एजंटच्या कामाचे, आणि नको असलेले. पहिला भाग तुम्ही घरबसल्या पाच मिनिटांत काढू शकता, आणि तो काढलेला असला की बाकीची बोलणी सोपी होतात.

मुद्रांक शुल्काचा दर ०.२५ टक्के आहे. तो लागतो तीन गोष्टींच्या बेरजेवर: कराराच्या पूर्ण मुदतीचं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम काही असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज. हे व्याज कोणी कोणाला देत नाही, फक्त हिशोबासाठी धरतात. साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना हा दर आहे.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. पुणे महापालिकेच्या हद्दीतला फ्लॅट, करार २४ महिन्यांचा. पहिल्या वर्षी भाडं २३,५०० रुपये, दुसऱ्या वर्षी २४,५००. डिपॉझिट १,२०,००० रुपये, पूर्ण परत मिळणारं.

पहिल्या वर्षाचं भाडं २,८२,००० रुपये, दुसऱ्या वर्षाचं २,९४,०००. दोन्ही मिळून ५,७६,०००. डिपॉझिटवर दहा टक्के म्हणजे वर्षाला १२,०००, दोन वर्षांचे २४,०००. बेरीज झाली बरोबर सहा लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,५०० रुपये. हे झालं मुद्रांक शुल्क.

नोंदणी फी रकमेवर नसते, ठरलेली असते: शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणी केली तर दस्त हाताळणी शुल्काचे ३०० रुपये आणखी. म्हणजे आपल्या उदाहरणात सरकारकडे जाणारी रक्कम २,८०० रुपये. आकडा पडताळायचा असेल तर नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर मुद्रांक शुल्क मोजायची सोय आहे; तुमच्या रकमेला शंभराच्या पटीत न बसणारी बाकी उरत असेल, तर तिथे दिसणारा आकडाच धरा.

या हिशोबातून दोन गोष्टी लगेच दिसतात, आणि दोन्ही पैशाच्या आहेत.

एक म्हणजे मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे वाढतं, पण नोंदणी फी, हाताळणी शुल्क आणि एजंटचे पैसे वाढत नाहीत. हाच करार अकरा-अकरा महिन्यांचा दोनदा केला, तर मुद्रांक शुल्काचे दोन्ही वेळचे मिळून साधारण १,४०० होतील, म्हणजे फार फरक नाही. पण नोंदणी आणि हाताळणीचे १,३०० दोनदा लागतील, आणि एजंटही दोनदा येईल. दोघांनाही दोन वर्षं चालणार असेल तर एकदाच २४ महिन्यांचा करार करून, मध्ये एक-दोन महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल अशी अट घालणं स्वस्त पडतं. अकरा महिन्यांची सवय इतकी मुरलेली आहे की हा पर्याय कोणी पुढे ठेवत नाही, आणि दर अकरा महिन्यांनी काम मिळणारा एजंट तर ठेवणारच नाही.

दुसरी गोष्ट, "कागदावर भाडं कमी दाखवू, स्टॅम्प वाचेल" हा सल्ला. महिना पाच हजारांनी भाडं कमी दाखवलं, तर २४ महिन्यांत १,२०,००० रुपये कमी दिसतात आणि मुद्रांक शुल्क वाचतं ३०० रुपये. अर्धा-अर्धा खर्च असेल तर तुमच्या वाट्याला दीडशे. त्या दीडशेसाठी घरभाडे भत्त्याची सवलत कमी भाड्यावर मिळणार आणि तुम्ही प्रत्यक्ष किती भाडं देत होता याचा नोंदवलेला पुरावाच तुमच्या विरुद्ध बोलणार. मालकाचा फायदा यात स्टॅम्पचा नसतोच, उत्पन्न कमी दाखवण्याचा असतो. नाही म्हणा.

दुसरी पायरी: एजंटकडून फोड मागा

आता एजंटला फोन करून किंवा व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न विचारा: "पाच हजारांची फोड पाठवा, चलनाची रक्कम वेगळी दाखवा." चांगला एजंट दोन मिनिटांत पाठवतो. जो "पॅकेज आहे साहेब" म्हणून टाळतो, त्याच्या पॅकेजमध्ये काय आहे ते समजून घ्यायला हवं. आपल्या उदाहरणात अशी फोड आली असं धरू: मुद्रांक शुल्क १,५००, नोंदणी १,०००, हाताळणी ३००, मसुदा करून दोन्हीकडे जाऊन अंगठे घेण्याचे १,२००, पोलीस व्हेरिफिकेशन ५००, स्टॅम्पपेपर आणि नोटरी ५००. बेरीज बरोबर पाच हजार.

शेवटची ओळ आधी खोडा.

ऑनलाइन नोंदणीत मुद्रांक शुल्क इ-चलनाने भरलं जातं. कागदी स्टॅम्पपेपर कुठेही चिकटवायचा नसतो. आणि नोंदणी झालेल्या करारावर नोटरीचा शिक्का मारून काही भर पडत नाही. दुय्यम निबंधकाने नोंदवलेला दस्त नोटरीच्या शिक्क्याने आणखी पक्का होत नाही. ही ओळ यादीत येते ती एक तर जुन्या सवयीने, किंवा त्याहून वाईट कारणाने: प्रत्यक्षात फक्त नोटरीच करायची असते आणि नोंदणीचे पैसे खिशात जायचे असतात.

हा प्रकार खरंच होतो, म्हणून तो ओळखायचा कसा ते नीट सांगतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर छापलेला करार येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेच्या जागी बऱ्याच दस्तांसाठी किमान मुद्रांक शुल्क पाचशे केल्यापासून हाच कागद सगळीकडे दिसतो. त्यावर दोघांच्या सह्या, खाली नोटरीचा गोल लाल शिक्का, त्याच्या रजिस्टरचा अनुक्रमांक आणि कोपऱ्यात चिकटवलेलं तिकीट. बघायला अगदी भारदस्त. पण तुमचा अंगठा कोणी स्कॅनरवर घेतला नाही, कॅमेऱ्यासमोर फोटो काढला नाही, आधारवरून ओळख पटवली नाही, आणि तुम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही गेला नाहीत, तर नोंदणी झालेली नाही. यात तिसरा कोणताच मार्ग नाही. आणि आपल्या उदाहरणातला करार तर ५०० च्या कागदावर मुद्रांक शुल्कातही कमी पडतो, कारण त्याला १,५०० लागतात. कमी मुद्रांकाचा दस्त फरक आणि दंड भरल्याशिवाय न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे पाचशे गेले, आणि हातात आला तो फक्त ओळख पटवून सह्या झाल्याचा कागद.

काही जण नोटरीचा करार मुद्दाम करतात, कारण गॅसच्या कनेक्शनला किंवा ऑफिसात दाखवायला तेवढा पुरतो. पुरत असेलही. पण मग तो 'ॲग्रीमेंटचा खर्च' म्हणून नोंदणीच्या भावात देऊ नका.

पोलीस व्हेरिफिकेशनची ओळ वेगळी आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते आणि ते काम मालकाचं. पोलिसांच्या पोर्टलवर माहिती ऑनलाइन भरता येते. एजंट पैसे घेतो ते फॉर्म भरून देण्याचे. मालकाला स्वतः भरायचा कंटाळा असेल तर हे पाचशे मालकाचे. भाडेकरूने स्वतःचा फोटो, ओळखपत्र आणि कायमचा पत्ता वेळेवर दिला की त्याचं काम संपलं. मालक स्वतः भरायला तयार झाला, तर ही ओळ दोघांसाठीही खोडली जाते. आपल्या उदाहरणात तो झाला असं धरू.

उरले ४,०००.

तिसरी पायरी: ओळीओळीने वाटणी

सगळ्या रकमेची एकदम अर्धी वाटणी करणं सोपं असतं आणि पुष्कळदा तेच होतं. त्यात चूक नाही. पण मला एक साधी कसोटी जास्त पटते: ज्याचा उपयोग दोघांना, ते अर्धं-अर्धं, जे एकाच्या सोयीसाठी वाढलं, ते त्याचं.

मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, हाताळणी शुल्क आणि मसुद्याचं साधं काम हे दोघांच्या उपयोगाचं आहे. भाडेकरूला नोंदवलेला करार पत्त्याचा पुरावा म्हणून, घरभाडे भत्त्यासाठी आणि डिपॉझिटची लेखी कबुली म्हणून लागतो. मालकाचा उपयोग मात्र बरेचदा लक्षात येत नाही, आणि सगळा खर्च तुमच्यावर टाकू पाहणाऱ्या मालकाला तो शांतपणे सांगावा. मुदत संपूनही लायसन्सी, म्हणजे भाडेकरू, घर सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत घेऊ शकतो, आणि घर सोडेपर्यंतच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. दिवाणी दाव्याच्या लांब रांगेतून त्याला ही वाट वाचवते, आणि तिथे तो हाती धरतो ते हाच करार. शिवाय कलम ५५ चा दंड त्याच्याच डोक्यावर आहे. एवढं सगळं ज्याच्या बाजूने उभं राहतं, त्याने निम्मा खर्च द्यायला हरकत नसावी.

आता एजंटचे १,२००. त्यात दोन फेऱ्या आहेत. इ-रजिस्ट्रेशनची एक सोय अशी की दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी यायला लागत नाही. मालकाचा अंगठा त्याच्या घरी आणि भाडेकरूचा त्याच्या घरी, असं वेगवेगळं करता येतं. आपल्या उदाहरणात मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि त्याच्यासाठी एजंट ४०० रुपये जास्त घेतो असं धरू. ते ४०० मालकाचे. भाडेकरूला रात्री दहानंतरच वेळ असता आणि त्यासाठी एजंटने जास्त घेतले असते, तर ते भाडेकरूचे.

म्हणजे सामायिक खर्च ३,६००, त्याचे दोघांत १,८००-१,८००. मालकाचे वरचे ४०० धरून मालक २,२००, भाडेकरू १,८००. सुरुवातीला भाडेकरूकडून मागितले होते ५,०००.

मालक ऐकतच नसेल तर? घर हातचं जायला नको असेल आणि भाडं वाजवी असेल, तर सरकारी २,८०० पैकी मोठा वाटा तुम्ही घ्या, पण एजंटचं बिल मालकाकडे टाका, कारण एजंट बहुतेक वेळा त्यानेच निवडलेला असतो. स्वतःच्या पैशाने काम होणार म्हटल्यावर त्याला पॅकेजमधल्या अनावश्यक ओळी बरोबर दिसतात.

दलाली यात मिसळू देऊ नका. घर दाखवण्याची दलाली आणि करार नोंदवण्याचे पैसे एकच माणूस घेत असला तरी ती दोन बिलं आहेत. तसंच सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क. ते मालकाने सोसायटीला द्यायचं असतं, आणि सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. 'करारासोबतचा खर्च' म्हणून ते तुमच्याकडे आलं तर परत पाठवा.

चौथी पायरी: मसुद्यात एक कलम

ठरलेलं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि समोरून "ठीक आहे" असं उत्तर घ्या. मग तेच मसुद्यात टाका. एजंटच्या तयार मसुद्यात बहुधा 'सर्व खर्च लायसन्सी करेल' अशी ओळ कुठेतरी बसलेली असते; ती वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. त्या जागी असं लिहिता येईल, यात लायसन्सर म्हणजे मालक:

"या कराराचे मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व दस्त हाताळणी शुल्क उभय पक्ष समान भागात देतील. नोंदणी सेवेचे शुल्क रु. ८०० पर्यंत समान भागात व त्यावरील रक्कम लायसन्सर देईल. कराराचे नूतनीकरण झाल्यास त्याचा खर्चही याच प्रमाणात वाटला जाईल. लायसन्सीची कोणतीही चूक नसताना लायसन्सरने मुदतीपूर्वी करार संपवल्यास, लायसन्सीने दिलेल्या या खर्चापैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातील रक्कम लायसन्सर डिपॉझिटसोबत परत करेल."

शेवटचं वाक्य बहुतेक करारांत नसतं, आणि भांडण तिथेच होतं. आपल्या उदाहरणात मालकाने पंधरा महिन्यांनी घर रिकामं मागितलं, तर नऊ महिने उरतात. भाडेकरूच्या १,८०० पैकी चोवीसातले नऊ भाग, म्हणजे ६७५ रुपये परत. रक्कम लहान आहे, पण त्याच वेळी डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले जात असतात, आणि तेव्हा अशी एक लिहिलेली ओळ उपयोगी पडते. उलट बाजूने, भाडेकरूने स्वतःहून मध्येच सोडलं तर त्याने आपला वाटा विसरावा. मालकाचा वाटाही त्याच्याकडून वसूल करायचा असेल, तर तशी अट लॉक-इनच्या, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याच्या, कलमात वेगळी लिहावी लागेल. मागाहून डिपॉझिटमधून कापता येणार नाही.

पाचवी पायरी: पैसे भरणं आणि तपासणं

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ग्रास या शासकीय पोर्टलवर चलनाने भरली जाते. शक्य असेल तर ते चलन तुम्ही किंवा मालकाने स्वतः भरा आणि एजंटला फक्त त्याच्या कामाचे पैसे द्या. एजंटच भरणार असेल, तर चलनाची प्रत मागा. त्यावर भरणाऱ्याचं नाव, रक्कम आणि GRN नावाचा क्रमांक असतो. gras.mahakosh.gov.in वर तो क्रमांक टाकून चलन खरं आहे का आणि रक्कम तीच आहे का ते पाहता येतं. फोडीत १,५०० लिहून चलन ५०० चं काढलं असेल, तर ते इथेच कळतं. दस्त नोंदवला गेला की ते चलन 'डिफेस' होतं, म्हणजे पुन्हा दुसऱ्या दस्ताला वापरता येत नाही.

निम्मे पैसे मालकाला रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि संदेशात 'करार नोंदणी खर्च, निम्मा वाटा' असं लिहा. भाड्याच्या पहिल्या हप्त्यात किंवा डिपॉझिटमध्ये मिसळलेला हा पैसा नंतर शोधणं अवघड जातं.

अंगठे देण्याआधी स्क्रीनवरचा मसुदा नीट वाचा: नाव आधारप्रमाणे, फ्लॅट क्रमांक, मजला, भाड्याचे दोन्ही वर्षांचे आकडे, डिपॉझिट, मुदतीच्या तारखा. एकदा नोंदवलं की साधी चूकही चूक दुरुस्ती लेखाने सुधारावी लागते, आणि त्याला पुन्हा खर्च आणि पुन्हा अंगठे. तो खर्च कोणाचा, हे मी सरळ सांगतो: ज्याने चुकीची माहिती दिली त्याचा, एजंटने चुकीचं टंकलं असेल तर एजंटचा. म्हणून माहिती त्याला फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.

अंगठे झाले म्हणजे नोंदणी झाली असं नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन जातो, तिथे तपासला जातो आणि काही त्रुटी असेल तर परत येतो. पूर्ण झाल्यावर पीडीएफ मिळते: दोघांचे फोटो आणि अंगठ्यांचे ठसे असलेली पानं, दस्त क्रमांक, आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात ती. एजंटच्या पैशातला शेवटचा हप्ता, ५०० का होईना, ही इंडेक्स टू हातात येईपर्यंत थांबवून ठेवा. सह्या मागच्या तारखेच्या असतील तर हेही लक्षात असू द्या की दस्त झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी दाखल व्हावा लागतो. नंतर दंड लागतो. उशीर ज्याच्यामुळे, दंड त्याचा.

मित्र मिळून राहत असाल तर

तिघांनी मिळून घर घेतलं, तर मालकाच्या हिशोबात तुम्ही तिघं मिळून एक बाजू. भाडेकरूचे १,८०० तिघांत सहाशे-सहाशे. तिघांचीही नावं करारात घाला; एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे 'पाहुणे' असं केलं, तर ज्याचं नाव आहे त्याच्यावर सगळ्या भाड्याची जबाबदारी येते आणि बाकीच्यांकडे पत्त्याचा पुरावाही उरत नाही. अंगठ्यांसाठी तिघंही हजर हवेत. एकासाठी एजंटला पुन्हा बोलवायला लागलं तर त्या फेरीचे पैसे त्याचेच.

त्यातला एक मध्येच सोडून गेला आणि नवा आला, तर जुन्या करारात पेनने नाव बदलता येत नाही. नवा करार, नवी नोंदणी, पुन्हा सगळा सरकारी खर्च. हा बदल तुमच्या बाजूचा, त्यामुळे तो खर्च मालकावर टाकायची अपेक्षा ठेवू नका. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने तो निम्मा-निम्मा द्यावा, आणि हे तिघांनी राहायला जाण्याआधी आपसात लिहून ठेवावं. करारात नवीन मुदत किती धरायची तेही तेव्हाच ठरवा: जुन्या कराराचे फक्त उरलेले महिने धरले, तर मुद्रांक शुल्क तेवढ्याच महिन्यांचं लागतं.